परतीचा बाण कोणाकडून आला?

भाईंदर पश्चिमेतला एखादा घरमालक मालमत्ता कर भरण्यासाठी महापालिकेची साइट उघडतो, मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड टाकतो, ‘लॉगिन’चे बटण दाबतो आणि सेकंदभरात थकबाकीचे पान समोर येते. मीरा-भाईंदरची महापालिका 2002 मध्ये झाली. त्याआधीच्या नगरपालिकेच्या काळात याच कामासाठी खिडकीपाशी उभे राहावे लागे, आणि आतला कारकून कोणते रजिस्टर उघडतो ते निदान दिसत असे. आता त्या एका सेकंदात निदान तीन यंत्रे एकमेकांशी बोलतात आणि घरमालकाला त्यातले काहीच दिसत नाही. ते बोलणे कागदावर मांडण्याची एक रूढ रीत आहे. तिला सिक्वेन्स डायग्राम म्हणतात. मराठीत क्रमचित्र म्हणू. हे चित्र काढताना बहुतेकांचे लक्ष जाणाऱ्या बाणांवर असते: कोणी कोणाला काय मागितले. माझे म्हणणे असे की लॉगिनच्या बाबतीत खरी माहिती परतणाऱ्या बाणांत असते. आत घेतले की नाही, कोणाच्या शब्दावर घेतले आणि कोणत्या क्षणी घेतले, हे तेच सांगतात. लॉगिनमधले अवघड बिघाडही बहुतेक तिथेच सापडतात.

आधी चित्र कसे वाचायचे ते पाहू. संवादात भाग घेणारा प्रत्येक जण वर एका चौकटीत असतो आणि त्या चौकटीतून एक उभी रेषा खाली उतरते. ही त्याची जीवनरेषा. वेळ वरून खाली सरकते. एका जीवनरेषेवरून दुसरीकडे जाणारा आडवा बाण म्हणजे निरोप. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचा आलेख काढतात, त्याची इथे आठवण होईल: एका बाजूला मीरा रोड, भाईंदर, नायगाव अशी स्थानके, दुसऱ्या बाजूला वेळ, आणि गाड्यांच्या तिरप्या रेषा. दोन फरक मात्र पक्के लक्षात ठेवावेत. रेल्वेच्या आलेखात स्थानकांचा क्रम आणि त्यांच्यातले अंतर खरे असते, तर क्रमचित्रात डेटाबेस उजवीकडे आहे की मधोमध, याला काही अर्थ नसतो. आणि रेल्वेच्या आलेखात एक सेंटिमीटर म्हणजे ठरावीक मिनिटे, तर क्रमचित्रात दोन बाणांमधली जागा वेळेच्या मापात नसते. वरचा बाण आधी आणि खालचा नंतर, एवढेच ते सांगते. हा त्याचा कमकुवतपणा वाटेल, पण तीच त्याची शिस्त आहे. किती वेळ लागला हा प्रश्न बाजूला ठेवला की कशाच्या आधी काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

या रीतीचा जन्म संकेतस्थळांच्या आधीचा, दूरध्वनीच्या दुनियेतला आहे. एक्स्चेंजमधल्या यंत्रांमध्ये कोणते संकेत कोणत्या क्रमाने जातात हे टेलिकॉम अभियंते अशाच उभ्या-आडव्या रेषांनी मांडत. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत काम केलेल्या इव्हार याकोबसन यांनी ती रीत सॉफ्टवेअरच्या रचनेत रुजवली, आणि 1997 मध्ये यूएमएल ही चित्रभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली गेली तेव्हा क्रमचित्र तिचा भाग झाले. दूरध्वनीच्या जगात ‘पलीकडून उत्तर आले का’ हाच मुख्य प्रश्न असतो. तो वारसा विसरला की चित्र निव्वळ शोभेचे होते.

आता बाणांकडे. यूएमएलमध्ये सलग रेषेचा, भरीव टोकाचा बाण म्हणजे अशी विनंती जिच्या उत्तरासाठी पाठवणारा थांबून राहतो. सलग रेषा पण उघडे टोक असेल, तर पाठवणारा थांबत नाही, निरोप टाकून पुढच्या कामाला लागतो. तुटक रेषेचा बाण म्हणजे परतीचे उत्तर. घरमालकाच्या लॉगिनचे चित्र मर्मेड नावाच्या साधनात असे लिहिता येते. त्यात `->>` म्हणजे सलग बाण आणि `-->>` म्हणजे तुटक. पत्ते आणि तक्त्यांची नावे उदाहरणापुरती घेतली आहेत, पण घडण नेहमीचीच आहे.

```
sequenceDiagram
    participant B as ब्राउझर
    participant S as सर्व्हर
    participant D as डेटाबेस
    B->>S: POST /login
    S->>D: SELECT id, password_hash
    D-->>S: एक ओळ
    S->>S: हॅशची पडताळणी
    S->>D: INSERT INTO sessions
    D-->>S: नोंद झाली
    S-->>B: 303, Set-Cookie
    B->>S: GET /dues, Cookie
    S->>D: SELECT user_id FROM sessions
    D-->>S: एक ओळ
    S-->>B: 200, थकबाकीचे पान
```

वरच्या चार ओळी नावे सांगण्यापुरत्या आहेत, त्या सोडून उरलेल्या अकरा ओळींत अकरा निरोप आहेत. सहा सलग आणि पाच तुटक. सर्व्हरने स्वतःलाच पाठवलेला एक निरोप सोडला तर प्रत्येक सलग बाणाला एक तुटक जोडीदार आहे. पण तो लगेच पुढच्या ओळीत असेलच असे नाही. पहिल्या `POST`चे उत्तर थेट सातव्या ओळीत येते. दरम्यान डेटाबेसकडच्या दोन पूर्ण फेऱ्या होऊन जातात. गणितात कंस जसे आतला आधी मिटतो आणि बाहेरचा नंतर, तसेच इथे घडते, कारण सर्व्हर स्वतः थांबलेला असताना ब्राउझरला उत्तर देऊ शकत नाही. आपल्या हातात आलेले कोणतेही क्रमचित्र तपासण्याची पहिली कसोटी हीच: कंस नीट मिटतात का? महाविद्यालयांतल्या वह्यांत हमखास दिसणारी चूक म्हणजे डेटाबेसकडून थेट ब्राउझरकडे काढलेला तुटक बाण, त्यावर ‘लॉगिन यशस्वी’. तो बाण असूच शकत नाही. ब्राउझरने डेटाबेसला काही विचारलेलेच नाही, आणि जो विचारतो त्यालाच उत्तर मिळते. शिवाय बऱ्या रचनेत डेटाबेस इंटरनेटवरून गाठताच येत नाही, सर्व्हर हाच त्याचा एकमेव दरवाजा असतो.

त्या चुकीच्या बाणात आणखी एक गैरसमज दडलेला असतो: पासवर्ड बरोबर आहे की नाही हे डेटाबेस ठरवतो, असा. तिसऱ्या ओळीतल्या परतीच्या बाणावर काय लिहिले आहे ते पाहा. ‘एक ओळ’ एवढेच. डेटाबेसने ‘होय’ म्हटलेले नाही. त्या मोबाइल क्रमांकाची तक्त्यातली नोंद तेवढी दिली आहे, आणि तिच्यात पासवर्ड नाही, पासवर्डचा हॅश आहे. हॅश म्हणजे एकाच दिशेने चालणाऱ्या गणिती प्रक्रियेतून निघालेली अक्षरांची माळ. पासवर्डावरून ती काढता येते, तिच्यावरून पासवर्ड उलट काढता येत नाही. 1999 मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर्स यांनी मांडलेली बीक्रिप्ट ही पद्धत आजही बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. ती मुद्दाम संथ ठेवलेली असते, एका पडताळणीला सेकंदाचा दशांश ते पाव हिस्सा लागावा अशी, म्हणजे चोरलेल्या हॅशवर कोट्यवधी शक्यता आजमावणे महाग पडते. ही पडताळणी चौथ्या ओळीत सर्व्हर स्वतःच्या आत करतो. निर्णय तिथे होतो, म्हणून तो बाण स्वतःकडून निघून स्वतःकडेच वळतो. डेटाबेसचे काम साक्षीदाराचे आहे, निकाल सर्व्हरचा. हा भेद शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो. चित्रात तो परतीच्या बाणावरच्या दोन शब्दांनी होतो.

निकाल झाला तरी काम संपत नाही. एचटीटीपी हा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला बोलण्याचा नियम विसराळू आहे. प्रत्येक विनंती त्याच्या लेखी नवी. आत्ताच पासवर्ड तपासलेला माणूस पुढच्या क्षणी थकबाकीचे पान मागायला आला की तो पुन्हा अनोळखी. यावरची युक्ती 1994 मध्ये नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी काढली, ती म्हणजे कुकी. सर्व्हर एक लांब, अंदाज न येणारी यादृच्छिक खूण तयार करतो, ‘ही खूण अमक्या घरमालकाची’ अशी नोंद सेशनच्या तक्त्यात करतो आणि तीच खूण उत्तराबरोबर ब्राउझरला देतो. ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर परत दाखवतो. म्हणजे आपण ज्याला ‘लॉगिन झाले’ म्हणतो, ती घटना पाचव्या, सहाव्या आणि सातव्या ओळींच्या मिळून आहे. सातव्या ओळीत `200`ऐवजी `303` का, हेही सांगायला हवे. `303` म्हणजे ‘तुझे काम झाले, आता अमुक पत्त्यावर जाऊन साधे पान माग’. तिथेच `200` देऊन पान पाठवले असते, तर घरमालकाने पान रिफ्रेश करताच ब्राउझरने पासवर्डचा अर्ज पुन्हा पाठवू का असे विचारले असते. या एका परतीच्या आकड्यामुळे आठवी ओळ जन्माला येते.

क्रमाचे महत्त्व इथे कसोटीला लावता येते. सहावी आणि सातवी ओळ यांची अदलाबदल करून पाहू. सर्व्हरने सेशनची नोंद डेटाबेसकडे पाठवली, पण ‘नोंद झाली’ हे उत्तर येण्याची वाट न पाहता ब्राउझरला कुकी देऊन टाकली. वेळ वाचला, असे प्रोग्रामरला वाटेल. बहुतेक वेळा काही बिघडतही नाही, कारण ब्राउझर आठव्या ओळीची विनंती घेऊन येईपर्यंत नोंद झालेली असते. पण डेटाबेसवर ताण असेल, समजा कर भरण्याच्या शेवटच्या तारखेला, तर ब्राउझर कुकी घेऊन हजर होतो आणि सर्व्हरला तक्त्यात ती खूण सापडत नाही. मग दहाव्या ओळीत ‘एक ओळ’ऐवजी ‘शून्य ओळी’ येतात आणि घरमालक पुन्हा लॉगिनच्या पानावर ढकलला जातो. पासवर्ड बरोबर, तक्रार मात्र ‘लॉगिन होत नाही’. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की होते. असा बिघाड प्रोग्रामरच्या संगणकावर कधीच दिसत नाही, कारण तिथे एकच माणूस लॉगिन करत असतो आणि डेटाबेस रिकामाच असतो.

याच बिघाडाचे एक फसवे रूप आहे. मोठ्या साइटवर लिहिण्यासाठी एक मुख्य डेटाबेस आणि वाचण्यासाठी त्याच्या एक-दोन प्रती ठेवतात. मुख्य डेटाबेसमधला बदल प्रतीत उतरायला थोडा वेळ लागतो, एरवी काही मिलिसेकंद आणि गर्दीत सेकंदसुद्धा. आता पाचव्या ओळीतली नोंद मुख्य डेटाबेसकडे गेली, ‘नोंद झाली’ हे उत्तरही रीतसर आले, क्रम अगदी बरोबर. पण नववी ओळ प्रतीकडे गेली, जिथे ती नोंद अजून उतरलेली नाही. तीन जीवनरेषांचे चित्र पाहून हा दोष सापडणार नाही, कारण ‘डेटाबेस’ या एका रेषेखाली दोन वेगळी यंत्रे लपली आहेत. चौथी जीवनरेषा काढली आणि सहाव्या व दहाव्या ओळीतले परतीचे बाण कोणाकडून निघतात ते वेगवेगळे दाखवले, की दोष डोळ्यांसमोर येतो. जीवनरेषा किती काढायच्या, या प्रश्नाचे माझे उत्तर त्यामुळे असे: वेगवेगळे उत्तर देऊ शकणाऱ्या यंत्रांना एका रेषेत कोंबू नये.

आता तिसऱ्या ओळीकडे परत येऊ, कारण ‘एक ओळ’ ही तिथली एकच शक्यता नाही. डेटाबेस तीन गोष्टी करू शकतो: नोंद देऊ शकतो, ‘शून्य ओळी’ सांगू शकतो, किंवा काहीच सांगू शकत नाही. शून्य ओळी हे पूर्ण आणि खरे उत्तर आहे. असा मोबाइल क्रमांक नोंदलेला नाही, इतका त्याचा अर्थ. उत्तर न येणे ही निराळी गोष्ट. त्यातून घरमालकाबद्दल काहीच कळत नाही, डेटाबेसबद्दल कळते. निष्काळजी प्रोग्राम दोन्हीला एकाच फांदीत घालतो आणि ‘क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा’ असे दाखवतो. मग डेटाबेस बंद पडलेल्या अर्ध्या तासात शेकडो माणसे आपला बरोबर पासवर्ड बदलण्याच्या खटपटीला लागतात. क्रमचित्रात पर्यायी मार्गांसाठी `alt` नावाची चौकट असते आणि आडव्या तुटक रेषेने तिचे कप्पे पाडतात. तिचे दोनच कप्पे काढलेले दिसले, बरोबर आणि चूक, तर तिसरा विसरला गेला आहे असे खुशाल समजावे.

‘शून्य ओळी’च्या फांदीत अजून एक बारीक गोम आहे. नोंदच नसेल तर पडताळायला हॅश नाही, म्हणून साधा प्रोग्राम चौथी ओळ गाळून थेट नकार पाठवतो. नकाराचे शब्द दोन्ही फांद्यांत सारखेच ठेवले, कोणता क्रमांक नोंदलेला आहे हे बाहेरच्याला कळू नये म्हणून. पण नोंदलेल्या क्रमांकाला नकार यायला बीक्रिप्टचा पाव सेकंद जास्त लागतो आणि न नोंदलेल्याला काही मिलिसेकंदांतच येतो. शब्द गप्प राहिले तरी वेळ बोलून जातो. घड्याळ लावून हजारो क्रमांक आजमावणाऱ्याला नोंदलेल्यांची यादी आयती मिळते. यावर इलाज असा की नोंद नसली तरी एका खोट्या हॅशवर पडताळणीचे नाटक करायचे, म्हणजे दोन्ही उत्तरे सारख्याच उशिराने परततील. वेळ दाखवत नाही म्हटलेल्या चित्रात हे कसे दिसते? दोन फांद्यांत चौथ्या ओळीचा बाण एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, यावरून.

इथे एक वजनदार आक्षेप घ्यायला हवा. यूएमएलवरच्या बहुवाचित पुस्तकाचे लेखक मार्टिन फाउलर यांचे मत असे की परतीचे बाण सरसकट काढू नयेत, जिथे त्यांनी काही नवी माहिती मिळते तिथेच काढावेत, नाहीतर चित्रात रेषांची गर्दी होते. एकाच प्रोग्रामच्या आतल्या वस्तूंबद्दल बोलत असू, तर मला हे पूर्ण मान्य आहे. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावले की नियंत्रण परत येणार हे गृहीत धरता येते. उत्तर येईल किंवा त्रुटी येईल, मध्येच हवेत विरणार नाही. पण ब्राउझर, सर्व्हर आणि डेटाबेस ही तीन वेगळी यंत्रे आहेत आणि त्यांच्यामध्ये जाळे आहे. तिथे परत येणे हा नियम नसून घटना आहे. ती घडेल किंवा घडणार नाही. म्हणून यंत्राची सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक विनंतीचा परतीचा बाण फाउलर यांच्याच कसोटीवर माहिती देतो. गर्दी कमी करायची तर चौथ्या ओळीच्या आतले तपशील गाळावेत, सीमेवरचे बाण गाळू नयेत.

परतीचा बाण हरवला तर काय होते, हे सातव्या ओळीवर पाहू. घरमालक लोकलमध्ये आहे, बटण दाबल्यावर नेटवर्क गेले आणि ब्राउझरमधले चाक फिरत राहिले. ब्राउझरच्या बाजूने पाहता तीन शक्यता आहेत: विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, पोचली पण काम अर्धवट राहिले, किंवा सगळे काम झाले आणि फक्त उत्तर वाटेत हरवले. या तिन्ही शक्यता ब्राउझरला हुबेहूब सारख्या दिसतात. तिसऱ्या शक्यतेत तक्त्यात सेशनची नोंद आहे पण तिची खूण कोणाच्याच हातात नाही. लॉगिनपुरते हे निरुपद्रवी आहे. घरमालक पुन्हा बटण दाबतो, दुसरे सेशन तयार होते आणि पहिले मुदत संपली की पुसले जाते. पण हेच चित्र कराची रक्कम भरण्याच्या पायरीवर ठेवा, आणि पुन्हा बटण दाबणे म्हणजे दोनदा पैसे जाणे होऊ शकते. म्हणून पैशाच्या विनंतीला आधीच एक ठरलेला क्रमांक जोडतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर काम पुन्हा करत नाही, जुनेच उत्तर पुन्हा पाठवतो. लॉगिनला हे लागत नाही आणि भरण्याला लागते. या फरकाचे मूळ एकाच हरवलेल्या तुटक बाणात आहे.

हरवण्यापेक्षा वाईट शक्यता म्हणजे परतीचा बाण येतो, पण भलत्याकडून. याचे महाराष्ट्रातले उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. ते लॉगिनचे नसून एटीएमचे आहे, पण जीवनरेषा त्याच तीन: बाहेरचे यंत्र, मधला सर्व्हर आणि आतला खात्यांचा साठा. एटीएममधून पैसे मागितले की विनंती बँकेच्या स्विचकडे येते, स्विच खात्यांच्या प्रणालीला विचारतो, तिथून होकार परत येतो आणि तो स्विच पुढे एटीएमकडे देतो. ऑगस्ट 2018 मध्ये हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून एक खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेल्या विनंत्या खात्यांच्या प्रणालीपर्यंत जातच नव्हत्या. खोटा स्विचच होकार परत पाठवत होता. 11 ऑगस्टला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, 13 तारखेला स्विफ्टच्या वाटेने आणखी 13.92 कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्याकडे गेले, आणि एकूण फटका 94 कोटींच्या वर होता. एटीएमच्या बाजूने पाहता क्रम निर्दोष होता. विनंती गेली, होकार आला. आतला कंस मात्र उघडलाच नव्हता, बाहेरचा तेवढा मिटत होता.

यावर कोणी म्हणेल, चित्र काढून हल्ला थांबला असता का? नसता. पण चित्रातून एक तपासणी निघते. बाहेर गेलेला प्रत्येक होकार आणि आतल्या प्रणालीने दिलेला प्रत्येक होकार यांची संख्या जुळलीच पाहिजे. लॉगिनमध्येही तेच. सर्व्हरने कुकी दिल्याच्या नोंदी आणि सेशनच्या तक्त्यातल्या नव्या नोंदी यांचा मेळ बसला पाहिजे. कुकी जास्त आणि नोंदी कमी असतील, तर कोणीतरी सहाव्या ओळीची वाट न पाहता सातवी पाठवत आहे. मग तो घाईतला प्रोग्रामर असेल किंवा घुसखोर.

दुसरा आक्षेप अनुभवी प्रोग्रामरांचा असतो: खरे काय ते कोडमध्ये, चित्र दोन महिन्यांत शिळे होते. शिळे होते हे खरे आहे. पण लॉगिनचा क्रम ‘कोडमध्ये’ नेमका कुठे आहे? फॉर्म ब्राउझरच्या पानात, पडताळणी सर्व्हरच्या फाइलीत, सेशनचा तक्ता डेटाबेसच्या रचनेत, आणि प्रतीकडे कोणत्या क्वेरी जायच्या हे आणखी कुठल्या तरी मांडणीच्या फाइलीत. अकरा ओळींचा क्रम यांतल्या एकाही फाइलीत सलग वाचायला मिळत नाही. तो चालत्या यंत्रणेतच घडतो. म्हणून चित्र ताजे ठेवण्याचा व्यवहारी उपाय कोडशी नव्हे, लॉगशी ताडून पाहण्याचा आहे. सर्व्हर प्रत्येक विनंतीला एक ओळख-क्रमांक देतो आणि तिच्याशी निगडित प्रत्येक नोंदीत तो लिहितो. एका लॉगिनचा क्रमांक शोधला की नोंदी वेळेनुसार खाली उतरत जातात: विनंती आली, क्वेरी गेली, एक ओळ आली, हॅश जुळला, सेशन लिहिले, `303` दिले. हेच ते चित्र, फक्त मजकुरात. यात एक सावधगिरी लागते. तीन यंत्रांची घड्याळे काही मिलिसेकंदांनी पुढे-मागे असतात, त्यामुळे नुसत्या वेळेवर रचना केली तर कधी कधी उत्तर विनंतीच्या आधी आल्यासारखे दिसते. तिथे घड्याळापेक्षा कार्यकारणावर विश्वास ठेवावा लागतो. एकाच यंत्राने लिहिलेल्या नोंदींचा आपापसातला क्रम खरा धरायचा, आणि दोन यंत्रांमध्ये ‘पाठवले’ हे नेहमी ‘मिळाले’च्या आधी ठेवायचे. असे लावल्यावर ज्या ‘पाठवले’ला ‘मिळाले’ सापडत नाही, तिथून शोध सुरू करायचा.